भांड्यांच्या लिक्विडला लिंबाचा वास कशासाठी?

भांडी घासायच्या लिक्विडमधला सुगंध काढून टाकला, तरी भांडी आज जेवढी स्वच्छ निघतात तेवढीच निघतील. शाम्पूचं तेच, अंगाच्या साबणाचंही तेच. तेल, तूप, मळ सोडवण्याच्या कामात सुगंधाचा वाटा जवळजवळ शून्य असतो. असं असूनही दुकानात बिनवासाची बाटली शोधली तर हाती लागत नाही, आणि लागली तर तिला गिऱ्हाईक नसतं.

कुपवाड एमआयडीसीत साबण-डिटर्जंटच्या कच्च्या मालाच्या धंद्यात असल्यामुळे सांगली-मिरज भागातल्या छोट्या उत्पादकांशी आणि महिला बचत गटांशी माझं रोज बोलणं होतं. एका गटाने सुरुवातीला परफ्यूम न घालता भांड्यांचं लिक्विड केलं होतं. माल चांगला होता, पण खपला नाही. गटातल्या एक ताई मला म्हणाल्या, "अहो, बाया टोपण काढत्यात, वास घेत्यात आणि म्हणत्यात, ह्यात पाणी घातलंय." पुढच्या खेपेला त्याच मालात लिंबाचं परफ्यूम पडलं, आणि त्याच बायकांनी तीच बाटली 'कडक आहे' म्हणून नेली. लिक्विडची ताकद होती तेवढीच होती.

असं का होतं, हे समजायला एक ड्रम कसा तयार होतो ते बघू. समजा 50 लिटरचा घाणा करायचा आहे. त्याला साधारण 41 लिटर पाणी, 5 किलो अ‍ॅसिड स्लरी, 600 ते 650 ग्रॅम कॉस्टिक, अडीच किलो एसएलईएस नावाची फेस करणारी पेस्ट, पाऊण किलोच्या आसपास मीठ, चिमूटभर रंग, थोडं प्रिझर्व्हेटिव्ह आणि सगळ्यांत शेवटी 150 ग्रॅम परफ्यूम लागतं. म्हणजे सुगंधाचा वाटा शंभर भागांत 0.3 भाग. भांड्यांच्या लिक्विडमध्ये तो बहुतेक एवढाच, किंवा थोडा कमी-जास्त असतो. शाम्पूत त्याहून जास्त, साधारण अर्धा ते एक टक्का, आणि अंगाच्या साबणात एक टक्क्याच्या आसपास.

घासायचं खरं काम करतात अ‍ॅसिड स्लरी आणि एसएलईएस. स्लरी दाट, तपकिरी आणि अंगावर पडली तर भाजणारी. केरोसिनमधून वेगळे काढलेले घटक आणि बेंझिन यांच्यापासून ती तयार होते. कॉस्टिकच्या पाण्यात ती हळूहळू सोडली की तिचं आम्लपण जातं आणि फेस करणारा, तेल सोडवणारा पदार्थ तयार होतो. हे करताना द्रावण चांगलंच तापतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय ड्रमजवळ जाऊ नये, आणि कॉस्टिक नेहमी पाण्यात टाकावा, कॉस्टिकवर पाणी ओतू नये. पीएच पेपर 7 च्या आसपास आला की पुढे एसएलईएस विरघळवायची आणि मग मिठाचं पाणी घालून दाटपणा आणायचा.

या टप्प्यावर ड्रममध्ये वाकून वास घेतला, तर तो नकोसा असतो. थोडा तेलकट, थोडा रॉकेलकडे झुकणारा, मागे कुठेतरी गंधकाची झाक. स्लरी स्वस्तातली असेल तर जास्तच उग्र. सुगंधाचं पहिलं काम इथे दिसतं: कच्च्या मालाचा मूळ वास झाकणं. हा फायदा गिऱ्हाइकाला खरोखर मिळतो. रॉकेलची झाक असलेल्या पाण्यात हात घालून रोज दोन वेळा भांडी घासायला कुणालाच आवडणार नाही, आणि त्या भांड्यात दूध तापवायला तर नाहीच. साबणाचंही असंच. तेलापासून बनलेल्या साबणाला स्वतःचा चरबट वास असतो, आणि वडी जुनी झाली की तो खवट होत जातो. शाम्पूच्या बेसलाही स्वतःचा फिका, स्निग्ध, कधी किंचित माशासारखा वास असतो. बाटलीवर 'अनसेंटेड' लिहिलेल्या काही मालातही हा मूळ वास मारण्यापुरतं परफ्यूम असतं, ते यामुळेच. ज्यांना सुगंध पूर्ण टाळायचाय त्यांनी 'फ्रॅग्रन्स फ्री' हे शब्द शोधावेत आणि तरीही मागची घटकांची यादी वाचावी.

परफ्यूम शेवटी घालायचं कारण साधं आहे. द्रावण गरम असताना घातलं तर त्यातला हलका, उडून जाणारा भाग वाफेबरोबर निघून जातो, आणि लिंबाच्या वासात नेमका तोच भाग महत्त्वाचा असतो. म्हणून ड्रम हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं. परफ्यूम जास्त पडलं तर आणखी एक गोष्ट बिघडते: लिक्विड गढूळ होतं किंवा एकदम पातळ पडतं. परफ्यूम म्हणजे शेवटी तेलंच. ती पाण्यात विरघळत नाहीत, फेस करणाऱ्या रेणूंमध्ये लपून राहतात.

या लपण्याकडे जरा नीट बघायला हवं, कारण सुगंधाचा सगळा खेळ तिथे आहे. फेस करणाऱ्या रेणूला दोन टोकं असतात. एकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला तेल. ताटावरच्या तेलाच्या थेंबाभोवती हे रेणू गुळाभोवती मुंगळे जमावेत तसे जमतात, तेलाकडची टोकं आत आणि पाण्याकडची बाहेर, आणि थेंब ताटावरून सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. बाटलीत तेल नसतं, तेव्हा हेच रेणू आपापसांत बारीक गोळे करून राहतात आणि परफ्यूमची तेलं त्या गोळ्यांच्या पोटात बसतात. घासणीवर लिक्विड घेतलं आणि वर नळाचं पाणी पडलं की द्रावण एकदम विरळ होतं, गोळे मोडायला लागतात, आतली सुगंधी तेलं मोकळी होतात आणि हवेत उडतात. पाणी गरम असेल तर आणखीच. शाम्पू तळहातावर असताना मंद वाटणारा वास डोक्यावर गरम पाणी पडताच न्हाणीघरभर पसरतो, तो यामुळे. परफ्यूम बनवणारे लोक हा क्षण डोळ्यांसमोर ठेवूनच मिश्रण तयार करतात.

म्हणजे एका सुगंधाकडून तीन वेळा काम अपेक्षित असतं. दुकानात टोपण उघडल्यावर, पाणी पडल्यावर, आणि काम झाल्यानंतर. तिसऱ्या टप्प्यावर शाम्पू आणि भांड्यांचं लिक्विड यांच्या वाटा अगदी उलट्या होतात, आणि गिऱ्हाइकाचा फायदा-तोटा इथेच ठरतो.

केसांना शाम्पूचा वास राहावा असं आपल्याला वाटतं. म्हणून शाम्पूच्या परफ्यूममध्ये जड, सावकाश उडणारे घटक घालतात. चंदनासारखे, कस्तुरीसारखे, व्हॅनिलासारखे. ते केसाच्या पृष्ठभागाला थोडे चिकटून राहतात आणि संध्याकाळपर्यंत जाणवतात. घातलेल्यापैकी बराचसा सुगंध मोरीत जातो हे खरं, पण उरतो तो गिऱ्हाइकाने पैसे देऊन मागितलेला असतो. 6 मिलीच्या सॅशेत अर्धा टक्का धरला तर साधारण 30 मिलिग्रॅम परफ्यूम येतं. एवढ्याशा थेंबात केस दिवसभर सुवासिक वाटत असतील, तर तो सौदा काही वाईट नाही. आपल्याकडे शिकेकाईतही कोणी नुसती शिकेकाई घालत नसे. नागरमोथा, गवला कचरा, कचोरा त्यात आणि दिवाळीच्या उटण्यात पडतातच. केस धुण्याचं काम शिकेकाई-रिठ्याचं, आणि रिठ्याला काही मनाला भावणारा वास नसतो. सुवासाची हौस कंपन्यांनी शिकवलेली नाही, ती घरातलीच आहे.

ताटाला मात्र काहीही राहायला नको असतं. म्हणून भांड्यांच्या लिक्विडचं परफ्यूम हलक्या, पटकन उडणाऱ्या घटकांचं बनवतात. लिंबू, संत्रं यांचा वास त्यासाठी सोयीचा. संत्र्याची साल बोटांत दुमडली की बारीक तुषार उडतो ना, त्या तेलात साधारण 95 टक्के लिमोनीन नावाचा एकच पदार्थ असतो. लिंबाच्या तेलातही सर्वांत मोठा वाटा त्याचाच, आणि लिंबूपणाची खरी ओळख देणारा सिट्रल थोडासा. हे रेणू हलके असल्यामुळे नाकाला चटकन कळतात आणि चटकन नाहीसेही होतात. स्टीलचं ताट नीट विसळून निथळलं की त्यावर वास उरत नाही. उरला तर सरळ अर्थ घ्यावा: लिक्विड पूर्ण धुतलं गेलेलं नाही. पाण्याच्या ग्लासात लिंबाचा वास येतो म्हणून ग्लास 'एकदम स्वच्छ' समजणारी माणसं मी पाहिली आहेत. तो ग्लास परत विसळायला हवा.

प्लॅस्टिकचं वेगळं आहे. सुगंधी तेलांना प्लॅस्टिक आणि रबर आवडतं. मुलांच्या डब्याच्या झाकणातली ती पांढरी सिलिकॉनची रिंग काढून नुसती हुंगून बघा. तिला परफ्यूमचा वास असतो, कालच्या लोणच्याचाही असतो. कितीही विसळली तरी तो पूर्ण जात नाही, कारण तेल रिंगच्या पृष्ठभागावर नाही, आत शिरलेलं असतं. रिंग काढून वेगळी घासावी, उन्हात वाळवावी, आणि डबा लगेच बंद करून ठेवू नये. सुगंधी लिक्विड जास्त वापरून हा वास जात नाही, उलट त्यात भर पडते.

आता लिंबाबद्दलचा एक मोठा गैरसमज. बाटलीवर पिवळीधमक लिंबं असतात, आणि आपल्या मनात आजीची आठवण असते: तांब्याच्या घागरीला लिंबाची फोड आणि मीठ घासलं की घागर लखलखते. ते अगदी खरं आहे, पण ते काम लिंबाच्या रसातल्या आम्लाचं. बाटलीत जो वास आहे तो सालीतल्या तेलाचा, किंवा कारखान्यात बनवलेल्या तशाच रेणूंचा. त्यात आम्ल नसतं. एखाद्याने खरोखरचा रस घातला तरी लिक्विडचा पीएच 7 च्या आसपास आणताना ते आम्ल मारलंच जातं. पाणी किंचित मऊ होण्यापलीकडे त्याचा उपयोग उरत नाही. म्हणून ती घागर या लिक्विडने लखलखणार नाही.

माशाच्या भांड्यांत हाच फरक नाकाला कळतो. रत्नागिरीकडून येणाऱ्या बांगड्याचा वास ज्या पदार्थांमुळे येतो, ते अल्कधर्मी असतात. लिंबाची फोड चोळली की रसातलं आम्ल त्यांना पकडतं, त्यांचं क्षारात रूपांतर होतं आणि ते हवेत उडेनासे होतात. वास खरोखर मरतो. लिंबाच्या वासाचं लिक्विड माशाचं तेल धुऊन नेतं तेवढं वास कमी करतं, बाकीचा फक्त झाकतं. कढईत मासळीचा वास मागे राहिला तर दुसऱ्यांदा लिक्विड ओतण्यापेक्षा वापरलेल्या लिंबाची साल, थोडा रस उरलेली, आतून फिरवावी.

लिमोनीन चिकटपणा मुळीच काढत नाही असंही नाही. डांबर, स्टिकरचा गोंद, यंत्रावरचं ग्रीस काढायला लिमोनीनचे द्रव वापरतात आणि ते छान काम करतात. पण तिथे ते मूळ घटक म्हणून भरपूर असतं. आपल्या ड्रममध्ये परफ्यूमच मुळात 0.3 टक्के, त्यातला लिमोनीन हा एक भाग. त्याने फोडणीच्या तेलाला काही फरक पडत नाही.

मग पुन्हा मूळ प्रश्न. काम करत नाही तर गिऱ्हाईक वासावरून का ठरवतं? माझं उत्तर असं आहे की दुकानात भांडं घासून बघता येत नाही. गणपती पेठेतल्या काउंटरपाशी उभं राहून माणसाला तीनच गोष्टी तपासता येतात: रंग, दाटपणा आणि वास. तिन्हींचा घासण्याच्या ताकदीशी संबंध नाही. रंग चिमटीभर असतो. दाटपणा मिठाने येतो, तोही एका मर्यादेपर्यंत. मीठ आणखी वाढवलं की लिक्विड पुन्हा पातळ होतं. आणि वासाबद्दल वर सांगितलंच. गिऱ्हाईक काही खुळं नसतं. हाती जी परीक्षा आहे ती ते करतं, आणि परीक्षा जिथे आहे तिथे उत्पादक खर्च करतो.

याचा हिशेब मांडून बघू. दर बदलत असतात, म्हणून हे आकडे समजायला धरलेले. स्लरी 130 रुपये किलो, एसएलईएस 120, परफ्यूम 1200. आपल्या 50 लिटरच्या ड्रमात स्लरीचे 650 रुपये, एसएलईएसचे 300 आणि परफ्यूमचे 180 झाले. परफ्यूमचा खर्च लिटरमागे साडेतीन रुपयांच्या आसपास. आता कुणी स्लरी 5 किलोवरून 3 किलोवर आणली, तर 260 रुपये वाचतात, शिवाय कॉस्टिकही कमी लागतो. त्यातले 120 रुपये घालून परफ्यूम 150 वरून 250 ग्रॅम केलं आणि मीठ जुळवून दाटपणा राखला. ड्रममागे 140 रुपये खिशात. घासणाऱ्या पदार्थांचं प्रमाण मात्र साधारण 13 टक्क्यांवरून 9 टक्क्यांच्या घरात आलं, म्हणजे जवळपास 30 टक्क्यांनी घटलं. काउंटरवर दोन्ही बाटल्या उघडल्या, तर दुसरी जास्त 'कडक' वाटेल. घरी तिची बाटली लवकर संपेल, पण तेव्हा आपण 'मावशी जास्त ओततात' असं म्हणून मोकळे होतो.

गटांना मी हा उलटा हिशेब कधीच करून देत नाही. पण बाजारात तो होतो, म्हणून गिऱ्हाइकाला माहीत असलेला बरा. आणि घरच्या घरी तो पकडताही येतो. एक लिटर साध्या पाण्यात एक चमचा लिक्विड घालून हाताने फेस करायचा. स्टीलच्या सारख्या आकाराच्या ताटल्यांना प्रत्येकी अर्धा चमचा गोडंतेल माखून एकेक त्याच पाण्यात धुवायची आणि फेस पूर्ण बसेपर्यंत किती ताटल्या झाल्या ते मोजायचं. दुसरं लिक्विडही तसंच, त्याच तेलाने, त्याच नळाच्या पाण्याने. कारखान्यातही मोजायची पद्धत मुळात हीच असते, फक्त तिथे तेल, तापमान, पाण्याचा जडपणा सगळं ठरलेलं असतं. ताटल्यांचा आकडा आणि किंमत एकत्र बघितली की कुठलं लिक्विड खरं स्वस्त ते कळतं. एवढं करा की लिक्विड कुठलं आहे ते घासणाऱ्याला सांगू नका, आणि जमलं तर नाकावर रुमाल बांधा. वास कळला की हात आपोआप त्या बाजूने झुकतो.

आमच्या भागात या चाचणीत एक गोष्ट घोळ घालते, ती म्हणजे बोअरचं पाणी. जड पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार स्लरीच्या साबणपणाला मारतात आणि फेस कमी येतो. नदीचं पाणी येणाऱ्या घरात आणि मळ्यातल्या बोअरवर एकाच बाटलीचा निकाल वेगळा दिसेल. म्हणून तुलना एकाच पाण्यात करायची. बोअरच्या घरी फेस कमी येतो म्हणून जास्त वासाचं लिक्विड आणण्यात अर्थ नाही. ज्यात एसएलईएस जास्त आहे ते जड पाण्यात बरं टिकतं.

ताट खरंच निघालं का हे बघायलाही नाक नको. विसळलेलं स्टीलचं ताट उभं धरा. स्वच्छ असेल तर पाण्याचा पातळ थर सगळीकडे सलग पसरून खाली उतरतो. कुठे तेलकटपणा राहिला असेल तर तिथे थर फाटतो आणि पाण्याचे मणी होतात. हळदीच्या गावात राहून आणखी एक सांगायला हवं: पिवळा डाग म्हणजे तेलकटपणा नव्हे. हळदीचा रंग प्लॅस्टिकमध्ये मुरतो, आणि साबणाच्या अल्कधर्मी पाण्यात तो लालसर होतो. ताट तेलाच्या दृष्टीने स्वच्छ असूनही पिवळं असू शकतं. हळदीचा रंग उन्हाने फिका पडतो, सुगंधाने नाही.

अंगाच्या साबणाबद्दल थोडक्यात. तिथे वासाऐवजी बघायला एक आकडा छापलेला मिळतो, टीएफएम, म्हणजे वडीतल्या एकूण स्निग्ध पदार्थाचं प्रमाण. भारतीय मानकाप्रमाणे अंगाच्या साबणाच्या पहिल्या श्रेणीत तो निदान 76 टक्के असावा लागतो, दुसरीत 70, तिसरीत 60. 'बाथिंग बार' म्हणून विकली जाणारी वडी वेगळ्या मानकात बसते आणि तिथे किमान 40 चालतो. त्यातल्या अनेक वड्यांचा वास पहिल्या श्रेणीच्या साबणापेक्षा जोरदार असतो. साबण स्वतः अल्कधर्मी असल्यामुळे नाजूक वास त्यात टिकत नाहीत, व्हॅनिलासारखे तर वडीला तपकिरी पाडतात. चंदन, मोगऱ्याच्या धाटणीचे दणकट वास साबणात एवढे का दिसतात, त्यामागे आवडीइतकंच हे रसायनशास्त्रही आहे.

आता गिऱ्हाइकाला खरंच काय मिळतं ते सांगतो. मूळ वास झाकला जातो. कंटाळवाण्या कामाला थोडी प्रसन्नता येते, आणि मी तिला कमी लेखत नाही. सकाळच्या ढीगभर भांड्यांसमोर उभ्या राहिलेल्या बाईला साडेतीन रुपयांत लिटरभर लिंबाचा वास मिळत असेल, तर ते तिच्या हक्काचं आहे. ओळखही मिळते, रोजच्या बाटलीचा वास बदलला की भेसळ किंवा जुना माल असल्याची शंका घेता येते. लिंबाचा वास मे महिन्यात पत्र्याच्या गोदामात पडून राहिला की औषधी किंवा टर्पेंटाइनसारखा होतो. सिट्रल आणि लिमोनीन दोन्ही उष्णतेने, हवेने बदलतात. असा माल घासायला चालतो, पण हाताला तो जास्त त्रास देऊ शकतो.

हाताची गोष्ट मात्र गंभीर आहे. बदललेलं, हवेशी संयोग पावलेलं लिमोनीन काहींच्या त्वचेला अ‍ॅलर्जी करतं. लव्हेंडरच्या वासातलं लिनालूलही तसंच. युरोपात असे 26 सुगंधी घटक 2005 पासून नावानिशी छापावे लागतात. धुऊन टाकायच्या मालात ते 0.01 टक्क्याच्या वर असतील तर. 2023 मध्ये ती यादी 80 च्या पुढे नेण्यात आली. लायरल नावाचा लोकप्रिय फुलांच्या वासाचा घटक तिथे 2021 मध्ये दुकानांतून हटला, आणि लिलियल 2022 च्या मार्चपासून बंद झाला. आपल्याकडे पाकिटावर बहुधा 'परफ्यूम' एवढा एकच शब्द असतो आणि त्याच्या पोटात पाच घटक आहेत की पन्नास, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. 'नैसर्गिक' लिहिलं म्हणून सुटका नाही. झाडातून आलेलं लिमोनीन आणि कारखान्यातलं लिमोनीन त्वचेच्या लेखी एकच.

पण बोटं फाटली की लगेच सुगंधाला दोष देऊ नये. पाच-सहा घरची भांडी करणाऱ्या मावशींच्या बोटांच्या बेचक्यांत जी लाली आणि भेगा दिसतात, त्या बहुतेक वेळा पाणी आणि फेस करणाऱ्या पदार्थांमुळे आलेल्या असतात. हे पदार्थ ताटावरचं तेल आणि त्वचेचं तेल यांत फरक करत नाहीत. तो त्रास जास्त वापराने कुणालाही होतो आणि हात काही दिवस कोरडे राहिले की कमी होतो. अ‍ॅलर्जी वेगळी. ती ठराविक माणसालाच होते, कित्येक वर्षं तोच माल वापरल्यावर अचानक सुरू होऊ शकते, थोड्याशा संपर्कानेही उसळते, खाज एक-दोन दिवसांनी वाढते आणि एकदा जडली की सहसा जात नाही. लिक्विड बदललं, शाम्पू बदलला, क्रीम बदललं, सगळे वेगवेगळ्या कंपन्यांचे आणि तरी त्रास तोच, तर समान दुवा सुगंधाचा असू शकतो. नक्की करायचं असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात: पाठीवर ठराविक घटकांच्या पट्ट्या 48 तास ठेवून मग खूण वाचतात.

तोवर साध्या गोष्टी करता येतात. लिक्विड थेट घासणीवर न ओतता वाटीत पाण्याने पातळ करून घ्यायचं, काम झालं की हात साध्या पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करायचे आणि खोबरेल किंवा व्हॅसलिन लावायचं. मावशींना हातमोजे घेऊन द्यायचे, आणि मोज्याच्या आत पाणी गेलं तर ते काढून वाळवायचे, कारण ओल्या मोज्यात हात जास्त फाटतो. बिनवासाचं लिक्विड हवं असेल तर जवळच्या बचत गटाला सांगा. परफ्यूम शेवटी पडतं, त्यामुळे ड्रममधून चार-पाच लिटर आधीच वेगळं काढून ठेवणं त्यांना काहीच अवघड नाही. फक्त त्याला रॉकेलची झाक येईल, ती बिघाडाची समजू नका.